दुरुस्तीआधीचा स्कॅन: जुन्या प्रिंटमधलं सगळं उतरवून घ्यायचं कसं

माझ्यासमोर टेबलावर एक छोटा कृष्णधवल फोटो आहे. पांढऱ्या कडेसकट ६.५ बाय ९ सेंटीमीटरचा. बाकावर बसलेले आजोबा, शेजारी उभी असलेली आत्या, मागे दगडी भिंत. कागद पिवळा पडलाय, काळ्याचा राखाडी झालाय, आजोबांच्या खांद्यावर पाणी सुकून उरलेला तपकिरी डाग आहे आणि आत्याच्या गालावरून एक बारीक ओरखडा खाली गेलाय. फोटोच्या दोन्ही बाजू किंचित वर वळल्यात.

हा फोटो मी दोनदा स्कॅन केला. पहिल्यांदा घाईत केला: ३०० डीपीआय, सगळं ऑटोवर, फाइल जेपीईजी. त्यावर तीन संध्याकाळी बसून दुरुस्ती केली. फोटो मोठा करायला घेतला तेव्हा आत्याच्या गालावर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसायला लागले. आजोबांच्या सदऱ्याच्या चुण्या गायब होऊन तिथे नुसता पांढरा ठोकळा उरला होता. ओरखडा मी नीट बुजवला होता, तरी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळसर रेघा उरल्याच. हे दोष माझ्या दुरुस्तीतले नव्हते. ते पहिल्या दिवशीच फाइलमध्ये येऊन बसले होते. दुसरा स्कॅन कसा केला, ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक सवय सोडावी लागते, स्कॅन झाल्या झाल्या तो छान दिसावा अशी अपेक्षा धरण्याची. दुरुस्तीसाठी केलेला स्कॅन फिकट, सपाट आणि मळकट दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा. त्याला उठाव आणायचा तर सॉफ्टवेअर दोन्ही टोकांच्या छटा कापून टाकतं, आणि एकदा कापलेलं परत मिळत नाही. उठाव नंतर आपल्या हाताने, हवा तिथे आणि हवा तेवढा आणता येतो.

काचेवर ठेवण्याआधी

फोटो खिडकीजवळ तिरपा धरून बघा. सरळ बघताना न दिसणाऱ्या गोष्टी तिरप्या उजेडात दिसतात: कागदाचा पोत, दाबाच्या खुणा, सुटत चाललेला थर, गडद भागांवर आलेली निळसर चंदेरी चमक. ही चमक म्हणजे वर येऊन साचलेली चांदी. ती पुसायला जाऊ नका.

धूळ काढायला हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि अगदी मऊ, कोरडा ब्रश पुरे. पाणी, स्पिरिट, ओलं फडकं काहीही लावायचं नाही. जुन्या प्रिंटचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो फुगतो आणि चिकटतो. थर पोपडे धरून सुटत असेल तर ब्रशही नको, आहे तसाच स्कॅन करा. स्कॅनरची काच मात्र स्वच्छ हवी. द्रव काचेवर फवारायचा नाही, मायक्रोफायबरच्या कापडावर घ्यायचा. कडेच्या फटीतून तो आत गेला तर काचेच्या खालच्या बाजूला डाग पडतात, आणि ते काढायला स्कॅनर उघडावा लागतो.

फोटो काचेच्या मधोमध ठेवा. काचेच्या अगदी कडेची पट्टी बरेच स्कॅनर धड वाचत नाहीत. प्रिंट शक्य तितका सरळ ठेवा, कारण नंतर संगणकावर दोन अंशांनी फिरवायचा म्हटलं तर प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो आणि चित्र किंचित मऊ पडतं. मी एक काटकोनी कापलेला जाड पुठ्ठा काचेच्या कडेला टेकवून ठेवतो आणि प्रिंट त्याला लावून ठेवतो. प्रिंटच्या पाठीवर शाईने किंवा पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर मागे काळा कागद ठेवा. पांढऱ्या झाकणावरून परतणाऱ्या उजेडामुळे पातळ कागदातून ती अक्षरं चित्रात उमटतात. काळ्या कागदाने ती दबतात. चित्र एक छटा गडद येतं, पण ते पुढे सहज सावरता येतं.

फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसला असेल तर तो ओढून सोडवू नका. थर काचेवर राहतो आणि कागद हातात येतो. तसाच, काचेसकट स्कॅन करा.

वळलेला फोटो आणि स्कॅनरची जात

फ्लॅटबेड स्कॅनर दोन जातींचे असतात आणि वळलेल्या फोटोच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. सीसीडी जातीच्या स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असतं. त्यामुळे काचेपासून काही मिलीमीटर वर असलेली गोष्टही बऱ्यापैकी स्पष्ट येते. सीआयएस जातीत सेन्सर काचेला जवळजवळ लागून सरकतो. त्यात काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट येतं, एकदोन मिलीमीटर वर गेलं की धूसर होतं. अंगाने सडपातळ आणि नुसत्या यूएसबी केबलवर चालणारा स्कॅनर बहुधा सीआयएस असतो. खात्री करायची तर एखादी पट्टी एका टोकाखाली पेन ठेवून काचेवर तिरपी ठेवा आणि स्कॅन करा. आकडे किती लवकर धूसर होतात त्यावरून कळतं.

माझ्या फोटोच्या वर आलेल्या बाजूंवर उपाय होता वेळ देण्याचा. दोन स्वच्छ, कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकांचा थर, आणि तीन दिवस हात लावायचा नाही. बराच फरक पडला. वळण घट्ट असेल, फोटोची सुरळी झाली असेल, तर मात्र हा उपाय करू नका. सुकलेलं जिलेटिन तडकतं आणि चेहऱ्यावरून भेगा जातात. तसा फोटो ज्याला कागदाला हळूहळू दमटपणा देऊन तो सैल करता येतो अशा जाणकाराकडे द्यावा, किंवा कॅमेऱ्याने टिपावा. झाकण दाबून धरणं हा उपाय नाही. दाब सुटताना प्रिंट सरकतो आणि चित्रात नागमोडी कड येते.

चकचकीत प्रिंटच्या बाबतीत याच्या उलट अडचण येते. तो काचेला इतका घट्ट टेकतो की इंद्रधनुषी कडी उमटतात. सीसीडी स्कॅनर असेल तर प्रिंटच्या चारही कडांखाली पातळ पुठ्ठ्याची चौकट ठेवून तो अर्धा मिलीमीटर उचला, कडी जातात.

रिझोल्यूशन किती? प्रिंटलाच विचारा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कुणी म्हणतं ३०० पुरे, कुणी स्कॅनरच्या खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा लावतं. दोघंही प्रिंटकडे बघत नाहीत.

आधी साधा हिशेब. सेंटीमीटरला २.५४ ने भागलं की इंच येतात आणि त्याला डीपीआयने गुणलं की पिक्सेल. माझा प्रिंट २.५६ बाय ३.५४ इंच आहे. ३०० डीपीआयला तो साधारण ७७० बाय १०६० पिक्सेलचा होतो, म्हणजे छापताना मूळ आकाराच्या वर जायला जागाच नाही. ६०० ला १५३० बाय २१२०. १२०० ला ३०७० बाय ४२५०, आणि तो ३०० पिक्सेल दर इंचाने छापला तर चौपट, म्हणजे २६ बाय ३६ सेंटीमीटरचा निघतो.

पण पिक्सेल वाढले म्हणजे तपशील वाढला असं नाही. प्रिंटमध्ये जेवढं आहे तेवढंच येणार. एन्लार्जरने मोठ्या केलेल्या पोस्टकार्डाच्या किंवा त्याहून मोठ्या आकाराच्या प्रिंटमध्ये ६०० च्या पुढे सहसा नवीन काही मिळत नाही, पुष्कळदा ३०० ते ४०० लाच सगळं संपलेलं असतं. लहान प्रिंट मात्र फसवे असतात. रोल फिल्मच्या काळात निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, मध्ये भिंग न आणता, तिच्याच आकाराची प्रत काढायची पद्धत होती. ६ बाय ६ किंवा ६ बाय ९ सेंटीमीटरच्या आसपासचा, पांढऱ्या कडेचा जुना प्रिंट दिसला की हीच शक्यता धरा. निगेटिव्हमधला बारकावा अशा प्रिंटमध्ये तसाच दाटीवाटीने भरलेला असतो. म्हणजे फोटो जितका लहान तितका रिझोल्यूशनचा आकडा मोठा लागण्याची शक्यता जास्त, आणि नेमके हेच छोटे फोटो लोक ३०० वर उरकतात.

ठरवायला एक चाचणी आहे. ती मी प्रत्येक नव्या अल्बमच्या पहिल्या एकदोन फोटोंवर करतो. प्रीव्ह्यूमध्ये पूर्ण फोटो न निवडता सगळ्यात बारीक तपशिलाची छोटी चौकट निवडा: डोळे, चष्म्याची काडी, सदऱ्याची बटणं, कापडाची वीण. ती चौकट ३००, ६००, १२०० आणि २४०० ला स्कॅन करा आणि चारही पडद्यावर एकाच आकाराला आणून शेजारी ठेवा.

आजोबांच्या सदऱ्याचं दुसरं बटण मी असं बघितलं. ३०० ला तो नुसता गडद ठिपका होता. ६०० ला त्याला गोल कड आली आणि मध्ये काहीतरी फिकट दिसलं. १२०० ला दोन भोकं वेगळी झाली, मधला दोरा दिसला. २४०० ला भोकं दोनच होती, फक्त मोठी, आणि भोवती कागदाचे तंतू आणि चित्राचा दाणा ठळक झाला. माझ्या प्रिंटचं उत्तर १२००.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर आणखी पक्की पद्धत आहे. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये १२०० च्या स्कॅनची प्रत घेऊन ती ५० टक्के लहान करा आणि परत २०० टक्के मोठी करा, म्हणजे ती ६०० च्या स्कॅनइतक्या तपशिलाची झाली. ही प्रत मूळ स्कॅनवर लेयर म्हणून ठेवा आणि लेयरचा मोड Difference करा. चित्र जवळजवळ काळं होईल. आता Levels ने ते उजळून बघा. नुसती एकसारखी भुरभुर दिसली तर तो दाणा आहे, म्हणजे ६०० ला काहीच हरवत नव्हतं. पण डोळ्यांच्या कडा, बटणांची वर्तुळं, पदराचे काठ असं ओळखू येणारं रेखाचित्र दिसलं, तर ६०० वर तेवढं सगळं गमावलं असतं.

चाचणी ६०० सांगत असली तरी बारीक ओरखड्यांनी भरलेल्या फोटोला एक पायरी वर जायला माझी हरकत नसते. एकाच पिक्सेलच्या जाडीची रेघ बुजवणं अवघड जातं, तीच रेघ तीनचार पिक्सेलची असली की ब्रश तिच्या आत बसतो. त्याच्या पुढे जाऊ नका. माझा हा इवलासा फोटो २४०० ला ३०० एमबीच्या वर जातो, दुरुस्तीचा प्रत्येक ब्रश अडखळत चालतो, आणि मिळतं काय, तर कागदाचे तंतू.

स्कॅनरच्या माहितीपत्रकात ४८०० बाय ९६०० असे आकडे असतात. त्यातला पहिला सेन्सरचा आणि दुसरा मोटर किती बारीक पावलं टाकते त्याचा. सॉफ्टवेअरच्या यादीत त्याहून मोठे जे आकडे दिसतात, ते मधले पिक्सेल अंदाजाने भरून काढलेले असतात. ते कधीच निवडू नका. आकार १०० टक्के किंवा Original ठेवा आणि बदल फक्त रिझोल्यूशनमध्ये करा.

कृष्णधवल फोटो, पण मोड रंगीत

फोटोत रंग नाही म्हणून ग्रेस्केल निवडणं ही अगदी साहजिक चूक आहे. फोटो कृष्णधवल असला तरी त्याच्यावर जे जे घडलंय ते रंगीत आहे: पिवळेपणा, तपकिरी डाग, निळी शाई, चंदेरी चमक. ग्रेस्केलमध्ये डाग आणि सावली दोन्ही राखाडी होतात आणि मग त्यांना वेगळं करायला काही आधार उरत नाही.

रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल असतात, म्हणजे एकाच फोटोच्या तीन वेगवेगळ्या कृष्णधवल प्रती. पिवळा किंवा तपकिरी डाग निळा उजेड शोषतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो. लाल उजेड तो जवळपास तसाच परतवतो, म्हणून लाल चॅनेलमध्ये विरतो. आजोबांच्या खांद्यावरचा डाग मी लाल चॅनेलमध्ये बघितला तेव्हा त्याची फक्त बाहेरची कड उरली होती, आत सदऱ्याच्या चुण्या अखंड होत्या. तिथे काही नव्याने रंगवावं लागलंच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. चित्र स्वतःच विटून पिवळसर तपकिरी झालं असेल तर त्याचा उरलेला उठाव निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त सापडतो. लाल चॅनेलमध्ये असं चित्र अगदी भुरकट दिसतं. कुठला चॅनेल कुठे कामाला येईल हे फोटो बघूनच ठरतं, पण तिन्ही हातात असतील तरच ठरवता येतं.

म्हणून मोड 48-bit Color. यात प्रत्येक चॅनेलला १६ बिट मिळतात. याचा उपयोग फिकट फोटोंमध्ये दिसतो. माझ्या फोटोतल्या सगळ्या छटा ० ते २५५ च्या पट्टीवर साधारण ७० ते २०५ मध्ये गोळा झाल्या होत्या. त्याच्या खाली खरा काळा नाही, वर खरा पांढरा नाही. ८ बिटमध्ये याचा अर्थ सगळं चित्र मिळून १३५ पायऱ्या. दुरुस्तीत आपण त्या ताणून २५६ वर पसरवतो, मधल्या जागा रिकाम्या राहतात, हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणारा आलेख, कंगव्यासारखा दिसतो आणि गाल, आकाश, कोरी भिंत अशा हळूहळू बदलणाऱ्या भागांत पट्टे उमटतात. पहिल्या स्कॅनमध्ये आत्याच्या गालावर आलेले पट्टे ते हेच. १६ बिटमध्ये त्याच पल्ल्यात ३४ हजारांहून जास्त पायऱ्या असतात. स्कॅनरच्या स्वतःच्या भुरभुरीमुळे त्यातल्या सगळ्याच खऱ्या नसतात, पण ताणायला पुरून उरतात.

हिस्टोग्राम: दोन्ही टोकांना श्वास घ्यायला जागा

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा मोड सोडून Professional Mode किंवा त्याच्यासारखा प्रगत मोड उघडा. हिस्टोग्राम तिथेच सापडतो. प्रीव्ह्यू घेतला की बहुतेक सॉफ्टवेअर आपणहून काळ्याचा आणि पांढऱ्याचा त्रिकोण डोंगराच्या पायथ्याशी आणून ठेवतं, पुष्कळदा किंचित आतच. हा हिशेब निवडलेल्या चौकटीवर होतो. चौकटीत स्कॅनरचं पांढरं झाकण आलं की हिशेब एकीकडे झुकतो, मागचा काळा कागद आला की दुसरीकडे. माझ्या सदऱ्याचा पांढरा ठोकळा असाच झाला होता.

दोन्ही त्रिकोण बाहेर ओढा. काळ्याचा डोंगराच्या डाव्या पायथ्याच्या बराच डावीकडे, पांढऱ्याचा उजव्या पायथ्याच्या बराच उजवीकडे. सरळ ० आणि २५५ वर ठेवले तरी चालतात. मधला त्रिकोण हलवायचा नाही. मग माउस फोटोतल्या सगळ्यात उजळ जागेवर, म्हणजे बहुधा कागदाच्या कोऱ्या कडेवर न्या आणि आकडे बघा. तिन्ही चॅनेल २५० च्या आत असले पाहिजेत. सगळ्यात गडद जागी ते ५ च्या वर हवेत. चॅनेल वेगवेगळे बघायचे, कारण एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असताना एकटा लाल चॅनेल पिवळ्या कागदावर २५५ ला टेकलेला असू शकतो. हिस्टोग्रामच्या टोकाला उभी भिंत दिसली की समजायचं, तिथे छटा कापल्या गेल्या.

प्रिंटची पांढरी कड आणि बाहेर चार-पाच मिलीमीटर मोकळी जागा चौकटीत येऊ द्या. कोऱ्या कडेमुळे कागद किती पिवळा पडलाय हे मोजता येतं. रंग सावरताना तोच आधार असतो.

ज्यांना हातही लावू द्यायचा नाही

Unsharp Mask बंद. शार्पनिंग म्हणजे प्रत्येक कडेच्या एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला उजळ रेघ ओढणं. ओरखडा हीसुद्धा त्याच्या लेखी कडच. पांढऱ्या ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना काळसर झालर येते. आपण ओरखडा बुजवतो, झालर राहते. माझ्या पहिल्या दुरुस्तीत उरलेल्या त्या दोन रेघा इथून आल्या होत्या. शार्पनिंग करायचंच तर सगळी दुरुस्ती संपल्यावर, छापण्याच्या आकाराला आणून.

Dust Removal बंद. प्रिंट स्कॅन करताना हे फंक्शन छोट्या उजळ ठिपक्यांना धूळ समजून पुसतं. डोळ्यातला उजेडाचा कण आणि कानातल्या खड्याची चमक त्याला धुळीसारखीच दिसते. डोळ्यातला तो कण गेला की चेहरा निर्जीव दिसतो, आणि का ते पटकन लक्षातही येत नाही. Color Restoration, Backlight Correction आणि आपोआप एक्स्पोजर ठरवणारा पर्याय, हे सगळं बंद. Descreening फक्त वर्तमानपत्र किंवा मासिकातल्या, ठिपक्यांनी छापलेल्या चित्रांसाठी आहे. खऱ्या फोटोवर ते नुसतं चित्र मऊ करतं.

कागदाला पोत असेल तर

काही फोटोंचा कागद रेशमी कापडासारखा किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उठावदार असतो. स्कॅनरचा दिवा साधारणपणे एका बाजूने तिरका प्रकाश टाकतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याच्या एका अंगाला चमक आणि दुसऱ्या अंगाला सावली पडते. सगळा चेहरा जाळीखाली गेल्यासारखा दिसतो.

इथे दोन स्कॅन घ्या. एक नेहमीसारखा, दुसरा प्रिंट काचेवर १८० अंशात फिरवून, बाकी एकही सेटिंग न बदलता. दुसरी फाइल संगणकावर उलटी फिरवून पहिल्यावर लेयर म्हणून ठेवा, दोन्ही चित्रं तंतोतंत जुळवा आणि वरच्या लेयरची अपारदर्शकता ५० टक्के करा. पहिल्या स्कॅनमध्ये जिथे सावली होती तिथे दुसऱ्यात चमक येते आणि दोन्ही एकमेकांना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. घडीच्या उठलेल्या रेघाही याने सौम्य होतात. जुळवणी मात्र पिक्सेलला पिक्सेल हवी, नाहीतर पोत जाईल आणि डोळेही धूसर होतील. जुळवताना वरच्या लेयरचा मोड तात्पुरता Difference ठेवा. चित्र सगळ्यात काळं होतं ती जागा बरोबर. ज्या स्कॅनरमध्ये दोन्ही बाजूंनी दिवे आहेत त्यात या युक्तीने फरक कमी पडतो.

स्कॅन झाल्यावर लगेच

फोटो काचेवरून उचलायच्या आधी फाइल १०० टक्क्यांवर उघडा आणि चारही कोपरे बघा. मधला भाग स्पष्ट आणि एक कोपरा मऊ असेल तर प्रिंट तिथे काचेपासून उचलला गेलाय. कडांना लाल-निळी किनार दिसली तर स्कॅन चालू असताना टेबल हललं. चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ, बहुधा रंगीत रेघ असेल तर प्रिंट बाजूला सरकवून परत स्कॅन करा. रेघ काचेच्या त्याच जागी राहिली तर दोष स्कॅनरचा, बहुधा सेन्सरच्या वाटेत किंवा कॅलिब्रेशनच्या पट्टीवर धुळीचा कण आहे. ती चित्राबरोबर सरकली तर प्रिंटवरच ओरखडा आहे. ठिपक्यांचंही तेच. हे आत्ता दोन मिनिटांत कळतं. प्रिंट अल्बममध्ये परत गेल्यावर कळलं तर ती रेघ हाताने बुजवत बसावं लागतं.

फाइल टिफ. रंगांसाठी Adobe RGB प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेलं राहू द्या. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन १६ बिटच्या फाइलवर फारसं चालत नाही, कधीकधी फाइल उलट मोठी होते, म्हणून मी कॉम्प्रेशनशिवायच ठेवतो. माझ्या फोटोची फाइल १२०० डीपीआय आणि ४८ बिटला, बाहेरच्या मोकळ्या जागेसकट, १०० एमबीच्या आसपास झाली. जेपीईजी या टप्प्यावर नको. तो चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून साठवतो, आणि फिकट चित्र ताणलं की ते चौकोन उघडे पडतात.

फोटो उलटा करून पाठही स्कॅन करा. त्याला ३०० पुरतात, पण मोड रंगीतच, कारण विटलेली शाई ग्रेस्केलमध्ये कागदात मिसळून जाते. माझ्या फोटोच्या पाठीवर डोळ्यांना फक्त पिवळा कागद दिसत होता. निळा चॅनेल एकटा उघडून ताणला तेव्हा आत्याच्या अक्षरातली एक ओळ वर आली, त्यात दोघांची नावं आणि महिना होता. फाइलच्या नावात अल्बमचा क्रमांक आणि फोटोची बाजू घातली, त्यापुढे डीपीआय आणि मूळ स्कॅन असल्याची खूण, उदाहरणार्थ `album2_p07_front_1200_master.tif` आणि `album2_p07_back_300_master.tif` या धर्तीवर. दोन्ही फाइल्स फक्त वाचता येतील अशा केल्या, एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली, आणि दुरुस्तीसाठी नवी प्रत उघडून पहिल्यांदा लाल चॅनेलमध्ये आजोबांच्या खांद्याकडे गेलो.